शर्यतीआधीचा भात

मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी मध्य रेल्वे कल्याणहून पहाटे तीनच्या सुमाराला एक खास लोकल सोडते. साडेचारच्या आसपास ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते आणि तिच्यातून उतरलेले हौशी धावक थोड्याच वेळात ४२ किलोमीटरच्या स्टार्ट लाइनवर उभे असतात. या गाडीतल्या गप्पा बहुतेक खाण्याच्या असतात. कुणी आदल्या रात्री बिर्याणी चापलेली असते, कुणी चार दिवस सुक्या मेव्याचे लाडू खाल्लेले असतात. कुणी आठवड्याच्या सुरुवातीला तीन दिवस पोळी-भात सोडून मग दोन दिवस भातावर ताव मारलेला असतो. 'काल दाबून जेवलोय, आता काही नको' म्हणणारेही असतात. हे सगळेच जण आपण कार्ब लोडिंग केलं असं सांगतात. प्रत्यक्षात यातल्या एकाचंही ते नीट झालेलं नसतं.

चूक त्यांच्या निष्ठेची नाही. या विषयात खरी माहिती आणि ऐकीव माहिती अशी मिसळून गेली आहे की १९६० च्या दशकातली एक जुनी पद्धत आजही ठाण्याच्या उपवन तलावापासून कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापर्यंत सकाळी धावणाऱ्यांच्या तोंडी आहे. म्हणून आधी त्या पद्धतीचा उगम पाहू.

१९६६ साली स्वीडनमधल्या योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन या दोन डॉक्टरांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. एकाच व्यायामाच्या सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि दोघांनीही एकेकाच पायाने पॅडल मारलं. दुसरा पाय आरामात. पाय पार थकेपर्यंत हे चाललं. मग तीन दिवस त्यांनी भरपूर कर्बोदकं असलेलं अन्न खाल्लं आणि अधूनमधून दोन्ही मांड्यांत जाड सुई घालून स्नायूचा बारीकसा तुकडा काढून तपासला. दमलेल्या पायातला ग्लायकोजेनचा साठा आधी जवळजवळ शून्यावर गेला आणि नंतर वाढत वाढत आराम केलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला. आराम केलेल्या पायात फारसा बदल नव्हता. माणूस तोच, जेवण तेच, रक्तही तेच, पण साठा एकाच पायात वाढला.

ग्लायकोजेन म्हणजे शरीराने साठवलेली साखर. ती दोन ठिकाणी असते, यकृतात आणि स्नायूंत. दोन्हींत मोठा फरक आहे, तो आपल्याकडच्या सोसायटीच्या पाण्यावरून चटकन कळेल. यकृतातला साठा गच्चीवरच्या टाकीसारखा. तो रक्तात उतरतो आणि मेंदूसकट सगळ्यांना मिळतो. स्नायूतला साठा मात्र आपापल्या घरात भरून ठेवलेल्या पिंपासारखा, ज्याचा त्यालाच. स्नायूंमध्ये ग्लायकोजेनपासून मोकळं ग्लुकोज बनवून रक्तात सोडणारं विकरच नसतं. त्यामुळे दंडात कितीही साठा शिल्लक असला तरी पस्तिसाव्या किलोमीटरला मांडीला त्याचा उपयोग नाही. त्या प्रयोगातून आणखी एक गोष्ट निघते. पिंप मोठं होतं ते वापरातल्या स्नायूचंच. जो महिनोन्‌महिने धावलेला नाही, त्याने कितीही भात खाल्ला तरी त्याच्या पायांत तो तसा साठणार नाही. लोडिंग हा सरावाला जोड देणारा उपाय आहे, सरावाला पर्याय नाही.

१९६७ मध्ये याच मंडळींनी, आता हेर्मानसेन आणि साल्टिन यांना सोबत घेऊन, पुढचा प्रश्न विचारला. साठा वाढला तर माणूस जास्त वेळ टिकतो का? चरबी-प्रथिनांच्या जेवणानंतर लोक तासाभरात थकले. नेहमीच्या मिश्र जेवणानंतर दोन तासांच्या किंचित आत थकले आणि कर्बोदकांच्या जेवणानंतर सुमारे पावणेतीन तास टिकले. आकडे इतके ठळक होते की खेळाडूंनी ते लगेच उचलले. इंग्लंडचा रॉन हिल १९६९ साली अथेन्सला युरोपियन स्पर्धेत मॅरेथॉन जिंकला तो हीच पद्धत वापरून. ती अशी होती: शर्यतीच्या आठवडाभर आधी दम निघेपर्यंत धावायचं, मग तीन दिवस कर्बोदकं जवळजवळ बंद, आणि शेवटचे तीन दिवस कर्बोदकंच कर्बोदकं. आधी पिंप कोरडं करा, मग ते जास्त भरेल, असा त्यामागचा विचार होता.

लोकलमधला तो तीन दिवस पोळी-भात सोडणारा धावक रॉन हिलच्याच मार्गाने चालला आहे. त्याला कुणी सांगितलेलं नाही की ही वाट १९८१ मध्येच अनावश्यक ठरली. अमेरिकेत शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटूंना कोरडं न करता, फक्त सहा दिवस सराव हळूहळू कमी करत आणि शेवटच्या तीन दिवसांत कर्बोदकं वाढवत नेलं. साठा जुन्या पद्धतीइतकाच भरला. पुढे २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात सरावलेल्या पुरुष खेळाडूंनी फक्त एक दिवस विश्रांती घेतली आणि वजनाच्या दर किलोला १० ग्रॅम कर्बोदकं खाल्ली. चोवीस तासांत स्नायूंतला साठा जवळजवळ दुप्पट झाला, आणि पुढचे दोन दिवस तेच चालू ठेवूनही त्यात फारशी भर पडली नाही. त्यामुळे तीन दिवसांच्या त्या कोरड्या टप्प्यातून हाती काय लागतं? चिडचिड, झोपमोड, जड पाय आणि शर्यतीच्या तोंडावर सर्दी-खोकल्याला आमंत्रण. तो टप्पा सरळ सोडून द्यावा.

आता हिशेब करू, कारण या विषयातले बरेच गैरसमज हिशेब न केल्यामुळेच टिकून आहेत. साठ किलो वजनाचा डोंबिवलीचा एक धावक घ्या. धावताना दर किलोला, दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी लागते, म्हणजे ४२ किलोमीटरला सुमारे २५०० किलोकॅलरी. यातला काही भाग चरबीतून येतो आणि मोठा भाग, वेगानुसार साठ ते ऐंशी टक्के, कर्बोदकांतून. म्हणजे दीड ते दोन हजार किलोकॅलरी कर्बोदकांच्या खात्यातून जाणार. नेहमीचं जेवणाऱ्या सरावलेल्या माणसाच्या सगळ्या स्नायूंत मिळून सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं, पण पायांच्या वाट्याला त्यातलं साधारण निम्मं येतं. यकृतातलं सुमारे ९० ग्रॅम मिळवलं तर कामाला येणारा साठा तीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बाराशे किलोकॅलरी. बाराशे आणि दीड हजार यांच्यातली ही तूट म्हणजेच धावकांच्या भाषेतली 'वॉल'. मुंबईच्या मार्गावर परतीचा पेडर रोडचा चढ नेमका पस्तीस किलोमीटरच्या पुढे येतो आणि अनेकांचे पाय तिथेच उत्तर देतात, त्यात चढाइतकाच या वजाबाकीचा वाटा असतो.

तूट भरायच्या दोन वाटा आहेत: आधी साठा वाढवणं आणि धावता धावता खाणं. दोन्ही लागतात. पहिलीबद्दल बोलताना दुसरी विसरली जाते, म्हणून ती लक्षात ठेवून पुढे जाऊ.

साठ किलोच्या माणसाला दर किलोला दहा ग्रॅम म्हणजे दिवसाला ६०० ग्रॅम कर्बोदकं. सध्याचा सल्ला शर्यतीआधीचे दीड-दोन दिवस दर किलोला दहा ते बारा ग्रॅम असा आहे, पण तो मुख्यतः मोठ्या स्पर्धकांना नजरेसमोर ठेवून दिलेला आहे. हौशी धावकाला नऊच्या आसपास पोचता आलं तरी बरंच काही साधतं. इथे आपला एक लाडका समज आड येतो. 'आपण मराठी माणसं, रोज पोळी-भातच तर खातो, आपलं लोडिंग रोजच चालू असतं.' मोजून बघा. एका पोळीत सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं असतात. दिवसाला सहा पोळ्या म्हणजे १२०. दोन वाट्या शिजलेला भात म्हणजे ८०. सकाळचे पोहे, दोन चहा, एखादं फळ, वरण, सगळं धरून २८० ते ३०० वर गाडी थांबते. दर किलोला जेमतेम पाच ग्रॅम. रोजच्या पोळी-भाताने रोजचं चालतं, लोडिंग होत नाही.

दुसऱ्या बाजूला, ६०० ग्रॅम म्हणजे फक्त २४०० किलोकॅलरी. हे प्रचंड खाणं नव्हे. ताटातलं तेल, तूप, शेंगदाणे, खोबरं, मांस काढून त्याची जागा भात, साखर आणि बटाट्याला द्यायची असते. एकूण खाणं थोडंच वाढतं, त्याचा बाज मात्र पूर्ण बदलतो. लोडिंग फसतं ते बहुतेक वेळा इथे. लोक रोजच्या सगळ्यावर भाताची भर घालतात, पोट तुडुंब भरतं आणि मोजायला गेलं तर कर्बोदकं साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे जात नाहीत.

आपल्या साठ किलोच्या धावकाचा शनिवार असा काढता येईल. सकाळी शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांची मोठी ताटली, तेल कमी, शेंगदाणे जवळजवळ नाहीत, सोबत दोन चमचे साखरेचा चहा. इथेच सुमारे ८५ ग्रॅम झाले. दहा वाजता दोन केळी आणि गोड लिंबू सरबताचा मोठा पेला, आणखी ६५. दुपारी दीडशे ग्रॅम तांदळाचा भात, पातळ वरण, उकडलेल्या बटाट्याची कमी तेलातली भाजी, एक पेला ताक. हे दीडशेच्या घरात जातं. चारला चार इडल्या, चटणी नाही, सोबत कोकम सरबत: ६५. संध्याकाळी शेवयांची खीर, तूप नावापुरतं: ६०. आणि रात्री, सात ते आठच्या दरम्यान, दीडशे ग्रॅम तांदळाचा मऊ भात मेतकूट-मीठ घालून, हवा तर वर साखर: १२०. बेरीज साडेपाचशेच्या आसपास येते, म्हणजे दर किलोला नऊ. शुक्रवारी दुपारपासून याच वळणाने जेवायला लागलं तर शनिवारी जिवावर येत नाही.

या ताटाकडे पाहून आहारतज्ज्ञ नातेवाईक नाक मुरडतील, कारण यात भाकरी नाही, कोशिंबीर नाही, मोड आलेली कडधान्यं नाहीत. मुद्दामच नाहीत. चोथा आतड्यांत राहतो, पाणी धरतो आणि धावताना गॅस, कळा किंवा शौचाची घाई होऊन त्रास देतो. दोन दिवसांसाठी पांढरा भात, रवा, पाव, साखर ही अन्नं चांगली. त्यानंतर पुन्हा ज्वारी-नाचणी सुरू करा, कुणी अडवलेलं नाही.

आपल्याकडे यात एक पंचांगाची गंमत आहे. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांतीनंतर आठवड्याच्या आतच. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि वांगं, हरभरा, पावटा, गाजर यांची मिसळभाजी. चवीला अव्वल, पण सगळा चोथा. संक्रांतीला गुळाची पोळी आणि तिळाचे लाडू. गूळ आहे म्हणून हे लोडिंगला चालेल असं वाटतं, पण तिळात जवळजवळ निम्मं तेल असतं. चार लाडवांत पोट भरतं आणि भाताची जागा जाते. सण सोमवार-मंगळवारी असेल तर मनसोक्त खावं. शुक्रवारी उरलेले डबे मात्र शेजाऱ्यांकडे पोचवावेत. सुक्या मेव्याच्या लाडवांचंही हेच. ताकद येते हे खरं, पण ती चरबीतून येते, आणि चरबीचा साठा तर आपल्या सगळ्यांकडेच पुढच्या अनेक मॅरेथॉनना पुरेल इतका आहे. तुटवडा तिचा नसतो. मिसळीबद्दल ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. मामलेदारची मिसळ रविवारी दुपारी, पदक गळ्यात घालून.

आदल्या रात्रीच्या बिर्याणीचा प्रश्न वेगळा आहे. तिच्यात भात असतो, नाही असं नाही, एका भरलेल्या ताटात शंभर-सव्वाशे ग्रॅम कर्बोदकं येतील. पण स्नायू आपल्या गतीनेच साठा भरतात. त्यांना सुमारे एक पूर्ण दिवस लागतो, आणि एका जेवणाने तो दिवस भरून निघत नाही. शिवाय तूप-मांसाचं जेवण रात्री दहाला झालं तर पहाटे दोनला उठताना ते पोटातच असतं. आदल्या रात्रीचं जेवण खरं तर दिवसातलं सर्वांत मोठं असूच नये. मोठं जेवण शनिवारी दुपारी उरकावं.

शनिवारचा आणखी एक शत्रू म्हणजे बिब. ते घ्यायला मुंबईत जावं लागतं. कल्याण-डोंबिवलीहून शनिवारी निघालेल्या माणसाची गर्दीची लोकल, उन्हातली रांग, प्रदर्शनात दोन तास पायपीट आणि चुकलेलं दुपारचं जेवण, असा दिवस जातो. घरी आल्यावर भूक भागवायला वडापाव. ज्या दिवशी साठा भरायचा त्याच दिवशी तो खर्च होतो. जमत असेल तर बिब गुरुवारी-शुक्रवारीच आणावं, नाहीतर डब्यात मऊ भात किंवा जॅम लावलेला पाव आणि दोन केळी नेऊन वेळेवर खावीत. आणि शनिवारी सकाळी 'जरा पाय मोकळे करतो' म्हणून येऊरचा चढ मारून येऊ नये. दहा-पंधरा मिनिटं हलकं धावणं पुरे. शर्मन यांच्या प्रयोगात कर्बोदकांइतकंच महत्त्व सराव कमी करण्याला होतं, हे सांगायचं सहसा राहून जातं.

आता पहाटेचं खाणं, ज्यावर ती तीनची लोकल वरवंटा फिरवते. झोपेत स्नायूंतला साठा फारसा हलत नाही, पण यकृतातला रात्रभर मेंदूला पुरवठा करता करता बराच रिकामा होतो. सकाळचं खाणं त्याची भरपाई करण्यासाठी असतं. म्हणून 'काल दाबून जेवलोय' हे उपाशी पोटी धावण्याचं कारण होऊ शकत नाही. शर्यतीआधी एक ते चार तासांत दर किलोला एक ते चार ग्रॅम असा सर्वसाधारण नियम आहे. पाचच्या सुमाराला सुरू होणाऱ्या शर्यतीसाठी डोंबिवलीकराने सव्वादोनला उठून भरपेट जेवण करावं असं कुणी म्हणणार नाही. त्याने खालच्या टोकाला राहावं: जॅम किंवा मध लावलेले पांढऱ्या पावाचे दोन तुकडे, एक केळं, साखरेचा चहा. सत्तर ग्रॅमच्या आसपास होतात. स्टेशनवर जायच्या आधी हे पोटात असलं की गाडीत अजून एक केळं खाता येतं. ठाण्यात चढणाऱ्याला अर्धा तास जास्त मिळतो, एवढाच फरक. दुधाचा मोठा ग्लास, उपमा-शिरा किंवा रात्रीची उरलेली भाजी हे प्रयोग त्या पहाटे नकोत.

लोडिंग झालं की नाही हे ओळखायचं कसं? घरच्या वजनकाट्यावर. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरतं. साठा दोन-तीनशे ग्रॅमने वाढला तर रविवारी पहाटे वजन गुरुवारच्या तुलनेत पाऊण ते सव्वा किलो जास्त दिसायला हवं. अनेक जण हा आकडा पाहून घाबरतात आणि शनिवारी रात्री जेवण आखडतं घेतात. ती चरबी नाही. दोन दिवसांत किलोभर चरबी चढवायला गरजेपेक्षा सातेक हजार किलोकॅलरी जास्त खाव्या लागतील. पाय थोडे जड, भरल्यासारखे वाटणं हेही ठीक आहे. वजन अजिबात हललं नसेल तर तुम्ही कमी खाल्लं आहे. वजन वाढलं पण पोट टम्म, ढेकरा, गॅस असतील तर चोथा किंवा तेल जास्त झालं. दोन्ही चुका शर्यतीच्या दिवशी दुरुस्त होत नाहीत, म्हणून डिसेंबरमधल्या तीस किलोमीटरच्या लांब धावेआधी हे सगळं एकदा करून बघावं. घोडबंदर रोडवर पोट बिघडलं तर रिक्षा करून घरी येता येतं.

बायकांच्या बाबतीत एक खुलासा गरजेचा आहे. १९९५ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात पुरुषांचा साठा वाढला आणि स्त्रियांचा वाढला नाही, त्यावरून 'बायकांना लोडिंगचा उपयोग नाही' असं पसरलं. नंतर त्याच संशोधकांच्या गटाने पाहिलं की स्त्रियांचं एकूण खाणंच कमी पडत होतं. एकूण अन्न वाढवल्यावर त्यांचाही साठा वाढला. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला शर्यतीआधीचे दोन दिवस तरी आधी ताट वाढून घ्यावं लागेल, हे त्या अभ्यासाचं मराठी तात्पर्य मानायला हरकत नाही.

आणि लोडिंगने काय होत नाही? वेग वाढत नाही. १९७१ मध्ये कार्लसन आणि साल्टिन यांनी काही जणांना तीस किलोमीटरची शर्यत दोनदा धावायला लावली, एकदा नेहमीचं जेवून, एकदा लोडिंग करून. सुरुवातीच्या टप्प्यात दोन्ही वेळा वेग सारखाच होता. ज्यांचा साठा जास्त होता त्यांनी तो वेग शेवटी टिकवला आणि सरासरी सुमारे आठ मिनिटं वाचली. म्हणून लोडिंगच्या भरवशावर पहिले दहा किलोमीटर तुफान पळणारा स्वतःचंच नुकसान करतो, कारण वेग वाढला की कर्बोदकांचा खर्चही वाढतो आणि वाढवलेला साठा तिथेच उडतो.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची आहे, आणि उत्साही मंडळी ती सांगत नाहीत. २००० साली ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांच्या गटाने सायकलपटूंना दोनदा शंभर किलोमीटर सायकल चालवायला लावली. एकदा आधी खरं लोडिंग दिलं, एकदा तसंच भासणारं पण कर्बोदकं कमी असलेलं खाणं. कोणत्या वेळी काय मिळालं हे त्यांना माहीत नव्हतं. दोन्ही वेळा सकाळची न्याहारी आणि वाटेत कर्बोदकं मिळाली, आणि शेवटच्या वेळेत लक्षात येण्याजोगा फरक दिसला नाही. जुन्या प्रयोगांत खेळाडूला माहीत असे की आपण 'ताकदीचं' खाऊन आलो आहोत, आणि वाटेत त्यांना काही मिळत नसे. त्या काळातले मोठमोठे फायदे आज तसेच मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. न्याहारी नीट झाली आणि वाटेत दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जात राहिली, म्हणजे तासाला एक-दोन जेल किंवा तेवढ्याच साखरेचं पेय, तर लोडिंगचा वाटा आणखी लहान होतो. माझं मत विचाराल तर पहिला क्रम वाटेतल्या खाण्याला, दुसरा पहाटेच्या न्याहारीला आणि तिसरा शनिवारच्या भाताला. लोक नेमका उलटा क्रम लावतात.

मधुमेह असलेल्या, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या धावकाने हे ताट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वाढून घेऊ नये. दोन दिवस साडेपाचशे ग्रॅम आणि मग चार-पाच तास धावणं, यात साखर दोन्ही दिशांना धावू शकते.

राहिला प्रश्न पावसाळ्यातल्या आपल्या घरच्या शर्यतीचा. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनची मुख्य शर्यत २१ किलोमीटरची असते. साठ किलोच्या माणसाला तिला सुमारे १२५० किलोकॅलरी लागतात. त्यातल्या सत्तर टक्के कर्बोदकांतून आल्या तरी नऊशेच्या आत, आणि पायांत व यकृतात मिळून बाराशे तर रोजच्या जेवणावरच असतात. इथे तूटच नाही, मग भरायचं काय? अडीच तास लागणाऱ्यालाही हा हिशेब लागू आहे, कारण तो हळू धावतो म्हणजे त्याचा खर्च तासागणिक कमी असतो. दहा किलोमीटरवाल्यांनी तर या प्रकरणातलं काहीच करू नये. वर्षा मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी नेहमीचं जेवा, एखादी वाटी भात जास्त घ्या, रात्री लवकर झोपा आणि सकाळी केळं खाऊन निघा.